दहाचा चहा सहावर कसा येतो

तालुक्याच्या एसटी स्टँडाबाहेर, रिक्षाथांब्याला लागून, चहाच्या दोन टपऱ्या. एक अण्णांची, दुसरी सुमनताईंची. मधलं अंतर इतकं कमी की इकडे आलं ठेचलं तर वास तिकडच्या बाकावर जातो. दोघांकडेही कटिंग दहा रुपये. दूध संपलं तर एकमेकांकडून लिटरभर उसनं घ्यायचं, ताई बँकेत गेल्या की अण्णांनी त्यांच्या गल्ल्यावर नजर ठेवायची, असं बरीच वर्षं बरं चाललेलं. मग दोन महिन्यांत तोच चहा सहा रुपयांवर आला आणि दोघांचं बोलणं बंद झालं. बघणारे म्हणाले, दोघांची डोकी फिरलीत. खरं तर त्या दोन महिन्यांत दोघांनीही घेतलेला जवळजवळ प्रत्येक निर्णय हिशोबाला धरून होता. एकच नव्हता, त्याच्याकडे पुढे येतो.

ही माणसं आणि हे आकडे रचलेले आहेत, हे आधीच सांगतो. पण हा हिशोब मात्र अर्थशास्त्रात गेली पंचाहत्तर वर्षं मांडला जातोय, आणि तो समजायला दोन टपऱ्या पुरतात.

दूध, साखर, पूड, आलं, गॅस आणि कागदी कप धरून एका चहामागे पाच रुपये खर्च येतो असं समजू. विकायचा दहाला, म्हणजे सुटतात पाच. स्टँडावर दिवसाला चारशे चहा खपतात. भाव सारखा असल्यामुळे गिऱ्हाईक निम्मं निम्मं वाटलं जातं आणि दोनशे चहांचे हजार रुपये प्रत्येकाला सुटतात. आता अण्णांनी एकट्याने आठचा फळा लावला तर काय होईल? ताईंचे बांधलेले साठेक लोक तिथेच राहतील, बाकीचे चार पावलं सरकतील. शिवाय दहा रुपये जड वाटायचे म्हणून न पिणारेही काही जण येतील. अण्णांचे चहा तीनशे ऐंशी, सुटतात तीन-तीन रुपये, एकूण अकराशे चाळीस. ताईंकडे साठ चहांचे तीनशे. आणि दोघांनीही आठ केले तर? गिऱ्हाईक पुन्हा निम्मं, दोनशेवीस चहा प्रत्येकी, सुटणार सहाशे साठ.

आता रात्री गल्ला मोजून झाल्यावर अण्णा विचार करतात. ताई उद्या दहालाच विकणार असतील तर मला दहाला हजार मिळतात आणि आठला अकराशे चाळीस. म्हणजे आठ बरे. ताईच आठला उतरल्या तर? मग मी दहावर बसलो तर तीनशे, आठवर आलो तर सहाशे साठ. म्हणजे तेव्हाही आठच बरे. ताईंनी काहीही केलं तरी अण्णांच्या फायद्याचं उत्तर एकच येतं. चार पावलांवर ताईही हाच हिशोब करतात आणि त्यांचंही उत्तर तेच येतं. दोघांचंही गणित अगदी बरोबर, आणि दोघांच्याही खिशात हजाराऐवजी सहाशे साठ.

हा पेच पहिल्यांदा असा नेमका मांडला गेला तो १९५० मध्ये, अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या रँड कॉर्पोरेशन या संशोधन संस्थेत. मेरिल फ्लड आणि मेल्विन ड्रेशर या दोघांनी तो आकड्यांच्या खेळाच्या रूपात तयार केला. त्याला गोष्ट चिकटवली ती अल्बर्ट टकर या गणितज्ञाने, त्याच वर्षी, मानसशास्त्रज्ञांपुढे व्याख्यान द्यायचं होतं म्हणून. दोन साथीदार वेगवेगळ्या कोठड्यांत आहेत, कबुली देणाऱ्याला सूट आहे, दोघेही गप्प बसले तर दोघांचंही थोडक्यात निभावतं. पण दुसरा काय करेल हे माहीत नसल्याने दोघेही बोलून टाकतात आणि दोघेही अडकतात. टकरच्या या गोष्टीमुळे त्याला कैद्यांचा पेच हे नाव पडलं. मला स्वतःला ही गोष्ट थोडी फसवी वाटते. ती ऐकून लोक समजतात की खरी अडचण कोठडीच्या भिंतीची आहे. दोघांना बोलू दिलं असतं तर प्रश्नच नव्हता. अण्णा आणि ताईंच्या मधे भिंत नाही. ते रोज बोलतात. तरीही रात्री मोजताना उत्तर आठच येतं, कारण बोलणं हे वचन झालं, आणि वचन मोडण्यातला फायदा वचन दिल्याने कमी होत नाही.

मग प्रश्न उलटा विचारायला हवा. हिशोब इतका स्पष्ट असताना ही दोघं इतकी वर्षं दहावर टिकली कशी?

कारण कैद्यांची चौकशी एकदाच होते आणि चहा रोज विकायचा असतो. अण्णांनी आज आठ केले तर आजचे एकशे चाळीस रुपये जास्त मिळतात, हे खरं. पण ताईंना चार पावलांवरून ते दिसतं, आणि उद्या त्याही आठला येतात. उद्यापासून अण्णांना हजाराऐवजी सहाशे साठ, म्हणजे रोज तीनशे चाळीस कमी. एका दिवसाचे एकशे चाळीस घ्यायचे आणि त्यापुढचे सगळे दिवस तीनशे चाळीस गमवायचे, असा हा सौदा आहे. तो कुणाला परवडेल? ज्याला उद्याची फारशी पर्वा नाही त्याला. ही पर्वाही मोजता येते. उद्या मिळणाऱ्या रुपयाची किंमत तुमच्या मनाला आज किती वाटते, हे विचारायचं. आपल्या आकड्यांत उत्तर निघतं एकोणतीस पैसे. उद्याचा रुपया ज्याला आजच्या एकोणतीस पैशांहून जास्त वाटतो, त्याने दहावर राहणंच शहाणपणाचं.

एकोणतीस पैसे म्हणजे फारच थोडे. उद्या सकाळी टपरी उघडणार हे ज्याला नक्की माहीत आहे त्याला उद्याचा रुपया जवळजवळ रुपयाएवढाच वाटतो. म्हणून दहावर टिकायला अण्णा आणि ताईंना फार जिव्हाळा लागत नव्हता, करार लागत नव्हता आणि कुणी मध्यस्थही लागत नव्हता. दोन गोष्टी पुरत होत्या: उद्या दोघंही इथेच असणार, आणि एकाने काय केलं ते दुसऱ्याला दिसणार. उसनं दूध आणि गल्ल्यावरची नजर हे सौजन्य होतंच, पण भाव धरून ठेवला होता तो या दोन गोष्टींनी. माणसांना हे ऐकायला आवडत नाही. आमच्यात कधी भावावरून वाद झाला नाही, असं सांगताना ती मैत्रीचं श्रेय मैत्रीला देतात.

बिघडलं ते दुसऱ्या गोष्टीत, दिसण्यात.

जूनमध्ये स्टँडाच्या आवाराचं काँक्रीटचं काम निघालं. काही गाड्या मागच्या फाटकातून सुटू लागल्या. त्यात पाऊस. अण्णांचे दोनशेचे दीडशे चहा झाले. आठवडाभर त्यांनी ते कामावर आणि पावसावर घातलं. मग त्यांच्या लक्षात आलं की ताईंचा मुलगा मोठी किटली घेऊन तहसील कचेरीकडे दिवसातून तीनदा जातो. पूर्वी एकदा जायचा. फळ्यावर दहाच होते, पण किटलीवर भाव लिहिलेला नसतो. कचेरीचा हिशोब वहीवर, महिन्याच्या महिन्याला. तिथे ताईंनी आठ लावले असतील तर अण्णांना कळणार कसं?

इथे एक बारीक गोष्ट आहे, आणि माझ्या मते सगळ्या भावयुद्धांची मेख तिथेच आहे. फळ्यावर उघड भाव उतरवला तर तो सगळ्याच गिऱ्हाइकांसाठी उतरतो. जे दहा द्यायला तयार होते त्यांच्यावरचेही दोन-दोन रुपये जातात. वहीवर गुपचूप उतरवला तर मात्र फक्त नव्याने ओढलेल्या गिऱ्हाइकापुरता उतरतो. कचेरीतले पन्नास चहा आठने ओढले तर त्यावर तीनप्रमाणे दीडशे रुपये निव्वळ वरचे मिळतात आणि बाकीच्या दोनशेंवर दहाचा भाव शाबूत राहतो. म्हणजे उघड कपातीतून एकशे चाळीस, तेही एका दिवसापुरते, आणि गुपचूप कपातीतून दीडशे, तेही पकडले जाईपर्यंत रोज. मोह कुठे जास्त आहे ते सांगायला नको.

हल्ली बऱ्याच टपऱ्यांवर मोबाइलने पैसे भरले की मोठ्याने आकडा सांगणारा डबा असतो. दहा रुपये मिळाले, असं तो दिवसभर ओरडतो. टपरीवाल्याला वाटतं तो आपल्यासाठी बोलतो. शेजाऱ्यालाही तो तितकाच ऐकू येतो. भावाच्या बाबतीत या डब्याइतका प्रामाणिक साक्षीदार अण्णांना मिळाला नसता. फक्त तहसील कचेरी वहीवर होती.

ताईंनी काहीच केलं नव्हतं. कचेरीत तपासणी चालू होती, बाहेरगावचे लोक आलेले होते, म्हणून किटलीच्या फेऱ्या वाढल्या. भाव पूर्ण दहा. ताईंचेही फळ्यावरचे चहा कमीच झाले होते. हे आपल्याला माहीत आहे. अण्णांना दिसत होतं ते एवढंच: माझा खप पडला, तिची किटली वाढली.

यावर कुणी म्हणेल, अण्णांनी सरळ विचारायचं होतं. विचारलं असतं तर ताई म्हणाल्या असत्या, "नाही हो अण्णा, दहाच लावते." आणि खरोखर आठ लावले असते तरी हेच म्हणाल्या असत्या. उत्तर दोन्ही वेळा सारखंच येणार असेल तर विचारून कळतं काय?

एडवर्ड ग्रीन आणि रॉबर्ट पोर्टर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये हीच परिस्थिती गणितात मांडली. विकणाऱ्याला स्वतःचा खप दिसतो, दुसऱ्याचा खरा भाव दिसत नाही. खप पडला तर कारण मंदी असेल किंवा दगा. त्यांचा निष्कर्ष जरा विचित्र वाटतो. कुणीही दगा दिलेला नसताना, नुसती मंदी आली म्हणूनही भावयुद्ध पेटणार, आणि ते अधूनमधून पेटावंच लागणार. कारण खप पडल्यावर अण्णा नेहमीच पावसाला दोष देऊन गप्प बसणार असतील, तर ताईंना प्रत्येक पावसाळ्यात गुपचूप आठ लावायला मोकळं रान मिळेल. म्हणजे शिक्षेची भीती खरी राहायला हवी असेल, तर कधीकधी निरपराधालाही शिक्षा होणार. पोर्टरने हे खऱ्या धंद्यावर तपासूनही पाहिलं होतं. १८८० च्या दशकात शिकागोहून पूर्व किनाऱ्याकडे धान्य नेणाऱ्या रेल्वे कंपन्यांनी भाव ठरवून घेतला होता, आणि त्यांचा तो भाव मधेच कोसळायचा आणि काही आठवड्यांनी पुन्हा वर यायचा.

अण्णांनी बँकेच्या शाखेला आठने चहा द्यायला सुरुवात केली. वहीवर. बँकेचा शिपाई ताईंकडेही बसायचा. चार दिवसांत ताईंना कळलं. त्यांच्या बाजूने गोष्ट अशी दिसली: मी इमानाने दहा धरून बसले आणि अण्णांनी मागच्या दाराने माझं गिऱ्हाईक नेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी खडूने मोठ्या अक्षरात फळा आला, कटिंग ८ रुपये. दुपारपर्यंत अण्णांनीही आपला फळा पुसला. दोघेही सहाशे साठवर.

इथे थांबता आलं असतं, पण हिशोब थांबू देत नव्हता. दोघं आठवर असताना एकाने सात केले तर काय होतं बघा. खप तीनशे नव्वदपर्यंत जातो, सुटतात दोन-दोन रुपये, म्हणजे सातशे ऐंशी. सहाशे साठपेक्षा ते बरेच. अण्णा सातला उतरले. ताईंना उतरावंच लागलं. आता प्रत्येकी सव्वादोनशे चहा आणि सुटतात साडेचारशे.

आणि आता आला तो एक निर्णय, जो हिशोबाला धरून नव्हता. दोघं सातवर असताना ताईंनी सहा केले. सहाला चहामागे एकच रुपया सुटतो. अण्णांचे बांधलेले लोक सोडून बाकी सगळ्या स्टँडाने ताईंकडे चहा प्यायला तरी चारशे चहांचे चारशेच रुपये, आणि सातवर बसून साडेचारशे मिळतच होते. म्हणजे जिंकूनही पन्नास रुपयांचा तोटा. ताईंना हे कळत नव्हतं असं नाही. "बघू किती दिवस टिकतात," असं त्या रिक्षावाल्यांना म्हणाल्या, आणि ते वाक्य अण्णांपर्यंत नेमकं पोचलं. समोरच्याला धंद्यातून उठवायचं आणि मग एकटीने दहाला, बाराला विकायचं, ही त्यामागची आशा. ती सफल व्हायला दोन गोष्टी लागतात. समोरच्याकडे आपल्याहून कमी दम हवा, आणि तो उठल्यावर तिथे तिसरा येऊन बसायला नको. रिक्षाथांब्याजवळची जागा रिकामी झाली तर ती किती दिवस रिकामी राहील, याचा अंदाज वाचकांनी करावा.

अण्णाही सहावर आले. दोघांना दिवसाला दोनशेतीस रुपये सुटू लागले.

या काळात गिऱ्हाइकाची चैन झाली असं वाटेल. पहिले काही दिवस झाली. मग कप लहान झाले. दुधाच्या पातेल्यात पाणी वाढलं. आलं फक्त सकाळच्या पहिल्या आधणाला पडू लागलं. फळ्यावरचा भाव सहाच राहिला, पण सहा रुपयांत मिळणारी वस्तू बदलली. भावयुद्ध लांबलं की ते असं फळ्यावरून पातेल्यात उतरतं, आणि तिथे ते दिसायला फार अवघड असतं. ओळखायची खूण सोपी आहे: जुनं गिऱ्हाईक तक्रार न करता घरूनच चहा पिऊन येऊ लागतं.

आता वर यायचं कसं? दोघांचं बोलणं बंद. कुणी आधी भाव वाढवला तर त्याचं गिऱ्हाईक जाणार, हे दोघांनाही माहीत. म्हणून बहुतेकांना वाटतं की खाली आलेला भाव आता तिथेच रुतणार. पण आकडे पुन्हा नीट पाहिले तर तळाशी एक गंमत दिसते. अण्णांना सहावर दोनशेतीस सुटतात. त्यांनी एकट्याने दहा केले तर बहुतेक गिऱ्हाईक जाईल, पण चाळीसेक माणसं राहतील; काही सवयीची, काही घट्ट दुधाला दहा द्यायला तयार असलेली. चाळीस चहांचे पाचप्रमाणे दोनशे. म्हणजे वर चढण्याची किंमत दिवसाला फक्त तीस रुपये. हाच प्रयोग दोघं आठवर असताना केला असता तर सहाशे साठवरून तीनशेवर आले असते, तीनशे साठचा फटका. युद्ध जितकं खोल जातं तितकी तहाची बोलणी स्वस्त होतात, कारण गमवायला काही उरलेलंच नसतं.

फ्रान्सिस एजवर्थ या अर्थशास्त्रज्ञाने १८९७ मध्येच असा अंदाज बांधला होता की थोड्या विक्रेत्यांच्या धंद्यात भाव एका जागी स्थिर न राहता पायरी-पायरीने उतरेल आणि तळाशी गेल्यावर एकदम उडी मारून वर येईल, आणि हे चक्र चालू राहील. त्याची कारणं थोडी वेगळी होती, पण चित्र हेच. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात पेट्रोलच्या भावांचा आलेख काढला तर तो करवतीच्या दातांसारखा दिसतो. एका दिवशी एकदम चढ, मग हळूहळू उतार, पुन्हा चढ.

एका सोमवारी अण्णांनी फळ्यावर दहा लिहिलं आणि दूध पूर्वीसारखं घट्ट केलं. ताई दिवसभर बघत राहिल्या. त्यांच्याकडे झुंबड, अण्णांकडे चाळीस माणसं. मंगळवारीही तेच. एक दिवस असता तर ताईंना वाटलं असतं की गॅस संपला असेल, माणूस वैतागला असेल. दोन दिवस तोटा सोसून फळा तसाच राहिला, तेव्हा तो निरोप झाला. बुधवारी ताईंनी आठ केले. मोह स्वाभाविक होता: अण्णा दहावर, आपण आठवर, म्हणजे ते जुने अकराशे चाळीस. अण्णांनी दुपारीच आठ केले. गुरुवारी ताईंनी दहाचा फळा लावला आणि अकराच्या आत अण्णांचाही दहा झाला. एक शब्द बोलणं झालं नाही.

अण्णांनी त्या आठवड्यात जे केलं त्याच्या जवळची चाल एका प्रसिद्ध स्पर्धेत जिंकली होती. मिशिगन विद्यापीठातले रॉबर्ट ॲक्सेलरॉड यांनी १९८० च्या सुमारास तज्ज्ञांना आवाहन केलं: कैद्यांचा पेच शेकडो वेळा सलग खेळणारी संगणकाची आज्ञावली लिहून पाठवा, सगळ्यांच्या एकमेकांशी लढती लावू. पहिल्या फेरीला चौदा जणांनी पाठवल्या, काही अतिशय धूर्त. जिंकली ती सगळ्यात छोटी, टोरोंटोच्या अनातोल रॅपोपोर्ट यांची. पहिल्या डावात सहकार्य करायचं आणि नंतर समोरच्याने मागच्या डावात जे केलं तेच करायचं, बस. दुसऱ्या स्पर्धेला बासष्ट आज्ञावल्या आल्या, पहिलीचा निकाल सगळ्यांना माहीत होता, तरी पुन्हा तीच जिंकली.

या चालीला जशास तसे म्हणून आपण लगेच ओळखतो आणि खूश होतो. पण अण्णा-ताईंच्या भांडणाची सुरुवातही जशास तसेनेच झाली होती, हे विसरून चालत नाही. ॲक्सेलरॉडच्या स्पर्धेत समोरच्याची चाल प्रत्येकाला बिनचूक दिसायची. जिथे चुकीचं दिसण्याची शक्यता असते, तिथे ही चाल वाईट अडकते: अण्णांना दगा दिसला म्हणून त्यांनी आठ केले, ताईंना तो दगा दिसला म्हणून त्यांनी उत्तर दिलं, त्या उत्तराला पुन्हा उत्तर. दोघेही फक्त परतफेड करतायत आणि सुरुवात कुणीच केलेली नाही. म्हणून जिथे दिसणं धूसर आहे तिथे थोडी सूट ठेवणारी चाल जास्त चांगली चालते. एकदा संशय आला तर सोडून द्यायचं, दोनदा आला तर उत्तर द्यायचं. जूनमध्ये अण्णांनी आणखी पंधरा दिवस कळ काढली असती तर कचेरीची तपासणी संपली असती आणि किटली एका फेरीवर आली असती. पण फार कळ काढली तर ग्रीन-पोर्टर म्हणतात ते होतं. नेमकं किती थांबायचं याचं एकच उत्तर नाही. ते पाऊस किती वेळा पडतो आणि किटली किती मोठी आहे यावर ठरतं.

आतापर्यंत मी सगळं टपरीच्या आतून सांगितलं. बाकावर बसलेल्याच्या बाजूने पाहिलं तर दहा रुपये ही त्याची हार आहे. आठला चहा देऊनही दोघांचं घर चाललं असतं. अण्णा आणि ताईंनी एकत्र बसून "आठच्या खाली कुणी जायचं नाही" असं ठरवलं असतं तर तो स्पर्धा अधिनियम, २००२ च्या तिसऱ्या कलमाच्या भाषेत भाव ठरवण्याचा करार झाला असता. दोन टपऱ्यांमागे कुणी लागत नाही, पण सिमेंटवाले, टायरवाले, औषधवाले असं बसले तर लागतं. नुसतं एकमेकांकडे बघून भाव सारखा ठेवणं मात्र करार ठरत नाही, आणि ती सीमारेषा न्यायालयांनाही नेहमी सोपी जात नाही.

यात मला आवडणारा भाग असा की भाव ठरवणाऱ्यांना पकडायला कायदा पुन्हा टकरच्या कोठडीतच जातो. याच अधिनियमाच्या सेहेचाळिसाव्या कलमात तरतूद आहे की कटात सामील असलेल्या एखाद्याने स्वतःहून येऊन पूर्ण माहिती दिली तर त्याचा दंड कमी करता येतो. जो आधी येतो त्याला जास्त सूट. भारतीय रेल्वेला पंखे पुरवण्याच्या निविदांत संगनमत झाल्याच्या प्रकरणात स्पर्धा आयोगाने जानेवारी २०१७ मध्ये माहिती देणाऱ्या एका कंपनीचा दंड पंचाहत्तर टक्के कमी केला. एकमेकांना वर्षानुवर्षं सांभाळून घेणाऱ्या लोकांच्या डोक्यात "दुसरा आधी गेला तर?" हा प्रश्न पेरायचा. ज्या पेचाने अण्णा-ताईंचं नुकसान झालं, तोच इथे गिऱ्हाइकाच्या बाजूने कामाला लावलेला आहे.

दहावर परत आल्यावर दोघांचं थोडं बरं चाललं. ताईंनी कचेरीची वही बंद करून रोखीचा व्यवहार सुरू केला आणि पैसे घ्यायला डबा लावला. ते मुद्दाम अण्णांना ऐकू यावं म्हणून केलं का, हे त्या सांगणार नाहीत, पण परिणाम तोच झाला. पुढे फेब्रुवारीत आगाराकडून नोटीस आली. नवीन स्टँड बांधायचा आहे, टपऱ्या ३१ मार्चपर्यंत हलवाव्यात.

हिशोबाने पाहिलं तर ही नोटीस काँक्रीटच्या कामाहून जास्त धोक्याची. ३१ मार्चला शेवटचा दिवस असेल तर त्या दिवशी उद्या नाही. तेव्हा आठ लावायला कुणाला कशाची भीती? दोघंही लावणार. ३१ ला काय होणार हे ठरलेलंच असेल, तर ३० ला दहा धरून उद्यासाठी काय वाचवायचं? म्हणून ३० लाही आठ. मग २९ ला. असं मागे मागे येत तर्क थेट आजच्या फळ्यापर्यंत पोचतो, आणि शेवट नक्की ठाऊक असला तर सुरुवातच होत नाही, असं निष्पन्न होतं. फ्लड आणि ड्रेशर यांनी १९५० मध्ये आपला खेळ दोन सहकाऱ्यांना सलग शंभर वेळा खेळायला लावला, तेव्हा तर्काप्रमाणे त्यांनी एकदाही सहकार्य करायला नको होतं. त्यांनी शंभरपैकी साठ वेळा दोघांनी मिळून केलं. जॉन नॅश यांनी त्यावर म्हटलं की हा एक खेळ शंभर वेळा खेळणं नव्हे, शंभर चालींचा एकच मोठा खेळ आहे, आणि माणसं त्यात शेवटापासून मागे मोजत येत नाहीत.

अण्णा आणि ताईंनी मागे मोजलं असतं की नाही ते कळलंच नाही. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात निविदा अडकल्याची बातमी आली. तारीख ३० जून झाली. मग ठेकेदार बदलला आणि तारीख दिवाळीनंतरची झाली. आता प्रत्येक दिवस शेवटचा असू शकतो, पण नक्की कुठला ते आगार व्यवस्थापकांनाही सांगता येत नाही. अण्णांच्या अंदाजाने उद्या टपरी जागेवर असण्याची शक्यता शंभरात नव्व्याण्णव. दहावर राहायला एकोणतीस पुरतात.